छापा १४, काटा ६ : वहीत p चं उत्तर १.७५ येतंय, चूक कुठे?

सायली_कराड

नमस्कार मंडळी. लेक बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. मी कॉमर्सवाली, पण बारावीपर्यंत गणित होतं, म्हणून ती अडली की वही घेऊन शेजारी बसते.

तिला वर्गात मॅक्सिमम लाइकलीहूड शिकवलंय, म्हणजे दिसलेला निकाल ज्या किमतीला सर्वांत सहज येतो ती किंमत शोधायची. घरी करून बघायचं म्हणून आम्ही एका पाच रुपयांच्या नाण्याच्या काट्याच्या बाजूला, कडेला, एम-सीलचा हरभऱ्याएवढा गोळा चिकटवला आणि स्टीलच्या ताटात ते नाणं भिंगरीसारखं वीस वेळा फिरवलं. १४ वेळा छापा आला, ६ वेळा काटा. छापा येण्याची शक्यता p मानली. वहीत तिने असं लिहिलंय:

```
L(p) = p^14 (1-p)^6
ln L = 14 ln p + 6 ln(1-p)
14/p + 6/(1-p) = 0
14 - 14p + 6p = 0
p = 14/8 = 1.75
```

शक्यता एकापेक्षा जास्त नसते एवढं मलाही कळतं. पण चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते दोघींना सापडेना. दुसरं म्हणजे, हा लॉग मध्येच कशाला घ्यायचा? ती म्हणते, "सरांनी घेतला म्हणून घेतला." मला हे उत्तर पटत नाही.

बिनधास्त_अभी

ताई, एवढं करायची गरजच नाही. वीसपैकी चौदा म्हणजे १४/२० = ०.७. हेच उत्तर. लॉग आणि डेरिव्हेटिव्ह हे परीक्षेपुरतं. म्हणजे या नाण्याचा p ०.७ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, संपला विषय.

गणिताचे_मास्तर

सायलीताई, मुलीच्या पहिल्या दोन ओळी अगदी बरोबर आहेत. चूक तिसऱ्या ओळीत आहे. ln(1-p) चं विकलन करताना आत (1-p) आहे, आणि त्याचं स्वतःचं विकलन उणे एक येतं. ते उणे चिन्ह राहून गेलं. ओळ अशी हवी:

```
14/p - 6/(1-p) = 0
14(1-p) = 6p
14 = 20p
p = 0.7
```

छत्तीस वर्षं शिकवलं, ही चूक दरवर्षी दर वर्गात भेटायची. मुलांना मी चिन्ह पाठ करायला सांगत नसे, ओळीकडे बघायला सांगत असे. तिच्या तिसऱ्या ओळीत 14/p आहे, तो p शून्य आणि एकच्या मध्ये असताना धनच असणार. 6/(1-p) सुद्धा धनच असणार. दोन धन संख्यांची बेरीज शून्य होईल कशी? म्हणून उत्तर बिचारं कुंपणाबाहेर पळालं, १.७५ वर जाऊन बसलं. पुढची आकडेमोड न करताही तिसऱ्या ओळीतच कळायला हवं होतं की इथे काहीतरी राहिलंय.

बरोबर ओळीचा अर्थही तिला सांगा. आलेले चौदा छापे मिळून p ला वर ढकलतात, 14/p एवढ्या जोराने. आलेले सहा काटे मिळून खाली ढकलतात, 6/(1-p) एवढ्या जोराने. p = 0.5 ला वरचा जोर २८ आणि खालचा १२, म्हणजे वर सरका. p = 0.8 ला वरचा १७.५ आणि खालचा ३०, म्हणजे खाली या. ०.७ ला दोन्ही वीस-वीस. दोरीखेच तिथे थांबते. उणे चिन्ह गाळलं म्हणजे दोन्ही संघ एकाच बाजूला ओढायला लागले.

सायली_कराड

मास्तर, किती छान! दोरीखेच ऐकून ती लगेच म्हणाली, "मग ०.६ ला २३.३ आणि १५." स्वतःहून करून बघितलं तिने. मनापासून धन्यवाद.

पण लॉगचं राहिलं.

बिनधास्त_अभी

लॉगशिवाय मी आत्ता करून बघितलं. सरळ गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि समाईक काढलं:

```
L'(p) = p^13 (1-p)^5 [14(1-p) - 6p]
```

कंसातून ०.७ येतंच. फक्त p = 0 आणि p = 1 अशी आणखी दोन उत्तरं येतात. ती सोडून द्यायची. लॉग नाही घेतला तरी काही बिघडत नाही.

गणिताचे_मास्तर

अभी, केलंस ते बरोबर आहे. पण ती दोन उत्तरं का सोडायची तेही लिही. p = 0 म्हणजे छापा येऊच शकत नाही, आणि आपल्याला तर चौदा आलेत. तिथे L शून्य आहे, म्हणजे ते तळ आहेत, शिखर नाही. लॉग घेतल्यावर ती दोन्ही टोकं उणे अनंतात जातात आणि समीकरणात येतच नाहीत.

लॉगने शिखराची जागा हलत नाही, कारण संख्या वाढली की तिचा लॉगही वाढतो. जो p मूळ गुणाकाराला सर्वांत मोठा करतो तोच लॉगलाही करतो. उंची बदलते, जागा नाही. हे काही जागी मोजून ठेवलंय, मुलीला पडताळता येईल:

```
p = 0.5   ln L = -13.86
p = 0.6   ln L = -12.65
p = 0.7   ln L = -12.22
p = 0.8   ln L = -12.78
p = 0.9   ln L = -15.29
```

सगळ्या संख्या उणे आहेत म्हणून घाबरायला नको. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग उणेच असतो. सर्वांत कमी उणे ते शिखर.

तन्वी_कोड

लॉगची गरज कागदावर वीस फिरक्यांत कळत नाही. खूप नाणेफेकी झाल्या की कळते, आणि मला ती चांगलीच कळली होती.

जॉन केरिच नावाचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतलं तेव्हा तिथे अडकले. नजरकैदेत असताना त्यांनी नाणेफेकीचे प्रयोग केले. १०,००० फेकी, त्यात ५,०६७ छापे. तोच आकडा मी सरावाला घेतला होता:

```python
from math import log
h, t = 5067, 4933
p = 0.5067
print(p**h * (1-p)**t)
print(h*log(p) + t*log(1-p))
```

पहिली ओळ `0.0` छापते. p काहीही ठेवा, ०.३ ठेवा, ०.९ ठेवा, शून्यच. म्हणजे सगळे p सारखेच चांगले, किंवा सारखेच वाईट! मी अर्धा तास सूत्रात चूक शोधत होते. सूत्र बरोबरच होतं. निम्म्याला निम्म्याने गुणत गेलं की साधारण १,०७५ व्या गुणाकाराला संगणकाच्या दशांश संख्येत मावणारी सर्वांत लहान संख्या संपते आणि तो शून्य लिहितो. इथे तर दहा हजार गुणाकार आहेत.

दुसरी ओळ मुकाट -6930.57 देते. p = 0.5 ठेवला तर -6931.47. फरक फक्त ०.९ चा, पण दिसतो तरी.

सायली_कराड

तन्वी, हे मला सगळ्यात जास्त पटलं. दहा हजार वेळा फेकणाऱ्या त्या गृहस्थांना नमस्कार. आम्ही वीस वेळातच कंटाळलो होतो.

शिवारकरी_लातूर

राम राम. विषय नाण्याचा आहे पण माझ्या कामाचा वाटला म्हणून लिहितो. आम्ही पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर बिया ओळीत मांडायच्या, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. खरं तर शंभर बिया घ्याव्या लागतात. यंदा घाईत दहाच घेतल्या. दहाच्या दहा उगवल्या.

तुमच्या हिशोबाने १०/१० म्हणजे p = 1. मी मास्तरांची रीत वापरून बघितली. काटा एकही नाही, म्हणून दुसरं पद गेलं. 10/p = 0 एवढंच राहिलं. हे तर कधीच शून्य होत नाही. मग उगवण शंभर टक्के धरू की तुमचं सूत्र इथे चालत नाही?

बिनधास्त_अभी

दादा, सूत्र चालत नाही म्हणजे उत्तर नाही. बिया अजून घ्या.

गणिताचे_मास्तर

नाही अभी, उत्तर आहे. विकलन शून्य करणं ही शिखर शोधायची एक वाट आहे, आणि शिखर मध्ये कुठेतरी असेल तरच ती उपयोगी पडते. शिवारकरींच्या आलेखात 10/p सतत धन आहे, म्हणजे चढण संपतच नाही. चढत चढत p = 1 ला पोचलो आणि तिथे रस्ता संपला. सर्वांत उंच जागा तीच. म्हणून अंदाज १ हाच. नुसतं समीकरण सोडवणारा इथे "उत्तर नाही" म्हणेल, आलेख काढणाऱ्याला ते दिसेल. सगळे काटे आले असते तर असंच p = 0 वर आलो असतो.

पण शिवारकरी, हा आकडा घेऊन पेरू नका. उलट विचारा. उगवण खरोखर ९० टक्के असती तर दहाच्या दहा उगवण्याची शक्यता 0.9^10, म्हणजे सुमारे ०.३५. तीनदा केलं तर एकदा असंच दिसलं असतं. ८० टक्के असती तरी ०.११. ७० टक्क्यांना मात्र ०.०३ च्या खाली येते. म्हणजे तुमच्या दहा बियांनी "उगवण फारच वाईट नाही" एवढं सांगितलंय. ऐंशी की पंच्याण्णव, ते सांगायची ताकद दहा बियांत नाही, आणि एकरी बियाणं किती धरायचं ते त्यावरच ठरतं ना?

शिवारकरी_लातूर

त्यावरच ठरतं. उगवण सत्तरच्या खाली गेली की बियाणं वाढवावं लागतं. शंभरची गुंडाळी आजच करतो.

एक सांगतो मात्र. गोणपाटात एका बीला बुरशी लागली की शेजारच्या दोन-चार जातात. नाण्याचं तसं नसतं. मागचा काटा पुढच्या फिरकीला नासवत नाही.

गणिताचे_मास्तर

हे तुम्ही लाखमोलाचं बोललात. मुलीने पहिल्याच ओळीत p^14 आणि (1-p)^6 चा गुणाकार केला, तिथेच गृहीत धरलं की एक फिरकी दुसरीला ओळखत नाही. बुरशी पसरत असेल तर तो गुणाकारच लागू नाही. शंभर बिया असल्या तरी त्या शंभर स्वतंत्र साक्षी राहत नाहीत, थोड्याच राहतात. गुंडाळी उघडाल तेव्हा मेलेल्या बिया विखुरलेल्या आहेत की एका ठिकाणी, ते बघा. एका ठिकाणी असतील तर टक्केवारीवर फार भरवसा नको.

प्राजक्त_मंचर

नाण्याचंही अगदीच तसं नाही बरं का. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. हवेत उडवून हातात झेललेलं नाणं, सुरुवातीला जी बाजू वर होती त्याच बाजूवर पडण्याचं प्रमाण ५०.८ टक्के आलं. म्हणजे प्रत्येक वेळी आधी आलेली बाजू तशीच वर ठेवून पुढची फेक केली तर मागची फेक पुढचीला किंचित ओळखते.

अर्थात सायलीताईंनी नाणं उडवलं नाही, ताटात फिरवलं. त्याला हे लागू होईल असं मला वाटत नाही. फिरवलेल्या नाण्यात वजन कुठल्या बाजूला आहे त्याचा परिणाम जास्त होतो, झेललेल्या नाण्यात तो जवळजवळ दिसतच नाही. एम-सील लावून नाणं हवेत उडवलं असतं तर बहुधा निम्म्याच्या जवळच आलं असतं.

तन्वी_कोड

अभीच्या पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य कुणी धरलं नाही. "p ०.७ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त." हे मला खटकतंय. L(0.7) ही p ची शक्यता नाहीये ना? p तेवढा धरला तर आपल्याला दिसलेल्या या वीस फिरक्या येण्याची ती शक्यता आहे.

बिनधास्त_अभी

फरक काय पडतो? शेवटी सर्वांत मोठी किंमत ०.७ लाच आहे.

तन्वी_कोड

पडतो. p च्या शक्यता असत्या तर आलेखाखालचं सगळं क्षेत्रफळ एक आलं असतं. p^14 (1-p)^6 चं शून्यापासून एकपर्यंतचं क्षेत्रफळ साधारण ०.०००००१२ येतं. त्यामुळे "p ०.६ आणि ०.८ च्या मध्ये असण्याची शक्यता इतकी" असं या आलेखावरून थेट म्हणता येत नाही. तुलना मात्र करता येते. -12.22 आणि -13.86 मधला फरक १.६४६, e चा तेवढा घात काढला की ५.२. म्हणजे ०.७ धरलं तर या वीस फिरक्या जितक्या सहज येतात, त्याच्या पाचपट कमी सहज ०.५ धरल्यावर येतात. पाचपट म्हणजे काही हजारपट नाही. नाणं सरळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

बिनधास्त_अभी

पण आधी सगळे p सारखेच शक्य मानले तर? मग त्या क्षेत्रफळाने भागून टाकायचं, क्षेत्रफळ एक होईल, आणि शिखर ०.७ लाच राहील. म्हणजे माझं वाक्य बरोबर ठरतं.

गणिताचे_मास्तर

तसं मानलंस तर ठरतं. पण ते तू वरून आणलेलं गृहीत आहे, वीस फिरक्यांनी दिलेलं नाही. आणि शिवारकरी पेरणीआधी सगळ्या टक्केवाऱ्या सारख्याच शक्य मानतील का? वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना. इथे दोन विचारांच्या शाळा आहेत आणि दोन्हींत भले भले लोक आहेत. मी तन्वीच्या बाजूचा, पण अभीला चूक म्हणणार नाही. पहिल्या प्रतिसादात मात्र ते गृहीत बोलून दाखवलं नव्हतंस.

अंदाज किती ढिला आहे तेही विकलनातूनच निघतं. पुन्हा एकदा विकलन करा:

```
-14/p^2 - 6/(1-p)^2
```

p = 0.7 ठेवलं की -28.6 आणि -66.7, बेरीज -95.2. उणे आलं म्हणजे शिखरच आहे, दरी नाही. शिवाय आकडा जितका मोठा तितकं शिखर टोकदार. ९५.२ च्या वर्गमुळाने एकला भागलं की ०.१०. तेवढी इकडे-तिकडे सूट धरावी. ०.५ हे शिखरापासून अशा दोन पावलांवर आहे.

सायली_कराड

सगळं दोघींनी मिळून वाचलं. दुसऱ्या विकलनात तिने पुन्हा एक उणे गाळलं होतं, पण या वेळी दोन पदांची चिन्हं वेगळी दिसल्यावर स्वतःच थांबली.

काल रात्री आम्ही आणखी तीस वेळा नाणं फिरवलं. छापा १५, काटा १५. आता तिचं म्हणणं, आधीचे ०.७ आणि आताचे ०.५, सरासरी ०.६. हे बरोबर का?

तन्वी_कोड

नाही. तीस फिरक्यांना वीस फिरक्यांएवढंच वजन दिलं गेलं. लॉगमध्ये मांडा, दोन्ही दिवसांच्या ओळी नुसत्या बेरजेत येतात:

```
(14+15) ln p + (6+15) ln(1-p)
29/p - 21/(1-p) = 0
p = 29/50 = 0.58
```

लॉग का घ्यायचा याचं माझ्या मते हेही एक उत्तर आहे. नवी माहिती आली की जुनं सगळं तसंच ठेवून पुढे बेरीज करत जायची.

सायली_कराड

०.५८ लिहिलं वहीत. पण एक कबूल करायचं राहिलं. रात्री नाणं उचललं तेव्हा एम-सीलचा अर्धा तुकडा ताटात पडलेला होता. कुठल्या फिरकीला निघाला ते कुणाच्याच लक्षात नाही.

गणिताचे_मास्तर

मग दोन दिवसांचा p एकच आहे का, हाच प्रश्न आला. एकच धरला तर पन्नास फिरक्यांचा लॉग -34.01 येतो. दोन दिवसांना वेगळे p दिले, ०.७ आणि ०.५, तर -33.01. वेगळे धरल्याने एकाचाच फायदा झाला, आणि वेगळे धरल्यावर थोडा फायदा व्हायचाच असतो. एवढ्यावर मी तरी तुकड्याला दोष देणार नाही. पण तुकडा निघालाय हे डोळ्यांनी दिसलंय, तेही नाकारता येत नाही.

बिनधास्त_अभी

मी तर दोन वेगळेच धरेन. नाणं बदललं ना!

प्राजक्त_मंचर

दुसऱ्या दिवसाच्या तीस फिरक्या क्रमाने लिहिल्या आहेत का, ताई? पहिल्या पंधरात छापे जास्त आणि नंतर कमी असं काही दिसतंय का?

सायली_कराड

नाही हो, नुसत्या उभ्या रेघा मारून मोजल्या. आज नवीन गोळा लावून वाळत ठेवलाय. या वेळी क्रमाने लिहू.

शिवारकरी_लातूर

गुंडाळी उघडली. शंभरात ८३. मेलेल्या सतरापैकी नऊ एकाच कोपऱ्यात, बुरशी लागलेल्या. त्या नऊ मोजायच्या की सोडायच्या, मास्तर?